पत्र्याच्या फलकावरचे १३.४

जिंतूरला भाच्याचा वीस षटकांचा लेदर बॉलचा सामना होता आणि मी परभणीत दुकानावर. तो आऊट होऊन मंडपात बसला आणि मला फलकाचा फोटो पाठवला: "मामा, सांगा नं, निघंल का मॅच?"

फलक पत्र्याचा, पाट्या अडकवायचा. आमच्या पोरांच्या ११२ धावा, ४ गडी बाद. समोरच्यांचा डाव १६८ चा. षटकांच्या पाटीवर ऊन चमकत होतं, १३ पुढचा आकडा ४ की ९ तेच कळेना. पण टिंबापुढे चेंडू असतात, आणि सहावा पडला की षटकच पुरं होतं. तिथं ९ येऊच शकत नाही, म्हणजे ४.

ते १३.४ कॅल्क्युलेटरमध्ये तसंच टाकलं की हिशेब बिघडतो. १३ षटकं म्हणजे ७८ चेंडू, वर ४, असे ८२ झाले. ११२ ला ६ ने गुणून ८२ ने भागलं, रनरेट ८.२० आला. उरले ३८ चेंडू. जिंकायला १६८ नाही, १६९ लागतात. १६८ वर सामना बरोबरीत. म्हणजे ५७ हवेत. ५७ गुणिले ६ भागिले ३८, बरोबर ९. दशांश धरून केलं असतं तर ८.६४ आले असते, आणि उगाच सोपं वाटलं असतं.

आता ८.२० आणि ९ मध्ये फरक तो किती? सहा गडी हातात, आरामात निघावी मॅच. पण मला तेवढ्यावर बोलायचं नव्हतं. त्याच्याकडं दहा षटकं झाली तेव्हाचा फोटो होता, तो मागवला. तेव्हा २ बाद ९२, आणि ६० चेंडूंत ७७ हवे होते, म्हणजे षटकाला ७.७. त्यानंतरच्या २२ चेंडूंत २० धावा आणि दोन गडी गेले. ही चाल षटकाला साडेपाचचीही नाही. सुरुवातीच्या फटकेबाजीनं सरासरी फुगलेली दिसत होती, एवढंच. ८.२० ची चाल शेवटपर्यंत टिकली तरी १६४ च्या आसपास होत होते, तेवढ्यानंही भागत नव्हतं.

फोन लावून विचारलं, "बॉलिंग कोणाची उरलीय?"

"त्यांच्या स्पिनरची दोन षटकं हायती. बॉल लई थांबून येतोय."

एका बॉलरला चारच षटकं मिळतात, म्हणून दोन उरली ही गोष्ट मोठी. फलकावर ती कुठंच नसते. त्या बारा चेंडूंत दहा धावा धरल्या तर बाकीच्या २६ चेंडूंत ४७ लागतात, षटकाला जवळपास अकरा. मी सांगितलं, "थोडक्यात हारतान. पण तो स्पिनर एका षटकात बारा-पंधरा देऊन बसला तर मला परत फोटो पाठव, हिशेब बदलंल."

फोटो काही आला नाही. डाव १६१ वर थांबला, सात धावांनी गेला. भाचा म्हणाला की स्पिनरनं दोन षटकांत नऊच दिल्या.