आजीच्या बाथरूमला बाहेरून उघडणारी कडी बसवली, माझा अनुभव

आमचं घर अमळनेरला. आजीला बीपीचा त्रास, मधूनच चक्कर येते, आणि बाथरूमला आतून जुनी लोखंडी कडी, म्हणजे आत काही झालंच तर दार तोडण्याशिवाय इलाज नाही. म्हणून लाल-हिरवी खूण दिसणारी कडी आणली. आत फिरवायची मूठ, बाहेर चकती आणि तिच्यात नाणं घालून फिरवता येईल अशी खाच. गोल नॉबवालं लॉकपण दुकानात होतं, ते बाहेरून बारीक भोकात तार घालून उघडतं, पण ऐनवेळी तार कोण शोधत बसेल, आणि साबणाच्या ओल्या हाताला नॉब सटकतो ते वेगळंच.

बसवताना खरी भानगड आतल्या चौकोनी दांडीची. ती आतली मूठ आणि बाहेरची खाच जोडते आणि दाराच्या जाडीप्रमाणे कापावी लागते. लांब राहिली तर प्लेट दाराला चिकटून बसत नाही, आणि आखूड झाली तर बाहेरून नाणं फिरतं, रंगही बदलतो, पण कडी तिथल्या तिथेच! आमच्या मिस्तरीने आखूड कापली होती. हे दार बंद असताना कळत नाही, म्हणून दार उघडं ठेवूनच आतून कडी पुढे काढली आणि बाहेरून फिरवत तिच्या टोकाकडे बघत बसलो, तेव्हा लक्षात आलं. नवीन दांडी टाकली. मग कडी लावल्यावर लालऐवजी हिरवा दिसायला लागला 😅 तर बाहेरची चकती काढून पाव फेरा फिरवून परत बसवली, झालं.

रुपयाचं नाणं खाचेत जेमतेम बसतं, म्हणून चपटा स्क्रू ड्रायव्हर बाहेरच खिळ्याला दोरीने टांगलाय.

एक गोष्ट बरेच जण सोडून देतात, जुनी कडी तशीच ठेवतात. मग म्हातारं माणूस सवयीने तीच लावणार, आणि नवी असून नसल्यासारखी. आम्ही जुनी काढायला लागलो तर आजी भडकली, "कोनी बाहेरथून उघाडं तं?" मग तिलाच आत उभं करून लाल रंग कधी येतो ते बाहेरून माझ्या मुलीला ओरडून सांगायला लावलं, तेव्हा कुठे ऐकली.

आणि दार आत उघडत असेल तर कडी निघूनही उपयोग नाही, माणूस दारामागेच पडलं तर ढकलणार कसं, जोर लावला तर त्यालाच लागणार. म्हणून बिजागऱ्या आणि दार अडवणारी पट्टी बदलून दार बाहेर उघडणारं करून घेतलं. त्याने दारावरचं पाणी पॅसेजमधे ठिबकतं, बायको कुरकुरते, तिथे जाड पायपुसणं टाकलंय. पावसाळ्यात दार फुगलं की कडी चौकटीच्या भोकात घासते आणि बाहेरून नाण्याने फिरत नाही, तेव्हा भोक कानशीने जरा मोठं करायचं, हे मिस्तरीने आधीच सांगून ठेवलंय.