फिनिश लाइनच्या फोटोखाली चार ओळी

"सर, पहिली मॅरेथॉन पूर्ण झाली. फिनिश लाइनवरचा फोटो टाकतो आहे, त्याखाली काय लिहू?"

आधी फोटो नीट बघा. आर्वीकडच्या आमच्या एका पोराचा मुंबई मॅरेथॉनमधला फोटो माझ्याकडे आहे. मान खाली, बोट घड्याळावर, कानशिलांवर मिठाचे पांढरे ओघळ. नवख्यांचे फोटो बरेचदा असेच येतात, कारण रेषा ओलांडताना घड्याळ थांबवायची घाई असते.

त्यानं लिहिलं होतं, "अशक्य काहीच नसतं." हे तर दहावीच्या निकालाखालीही चाललं असतं. मी विचारलं, पाय कुठं थांबले? "बत्तीसले, सर."

तिथंच थांबतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, साधारण तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतं. मग शरीराला चरबीवर जास्त भागवावं लागतं आणि तिच्यातून ताकद हळूहळू मिळते. दम शाबूत असतो, पण वेग तुटतो. शिवाय हा पोरगा कालव्याच्या कडेनं, आपल्या कोरड्या हवेत धावलेला. इथं घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, अंग तापत जातं.

हे सगळं बोलून झाल्यावर त्यानं स्वतःच लिहिलं:

"४२.१९५ किलोमीटर, ५ तास ३८ मिनिटं. बत्तीसपर्यंत पाय माह्यं आयकत होते, मंग मी त्याह्यचं आयकलं. मेडल घालाले वाकलो, तं सरळ कराले दोन जण लागले. पन पोहोचलो!"

थकवा, अभिमान आणि स्वतःवरचं हसू, तिन्ही आलं. माझ्या मते हसावं ते पायांवर, वेळेवर नाही. त्यानं आधी "फक्त ५ तास ३८" असं लिहिलं होतं, ते "फक्त" मी काढायला लावलं. सहा तासांत पोहोचलेला माणूसही ते वाचणार असतो आणि त्यानंही तेवढंच अंतर कापलेलं असतं.

अंतराचा आकडा मात्र लिहाच. आपल्याकडे पाच किलोमीटरच्या दौडीलाही मॅरेथॉन म्हणतात, २१ किलोमीटरची असते ती हाफ.

आणि वेळ टाकताना फोटोतल्या कमानीवरचं घड्याळ बघून टाकू नका. ते स्पर्धा सुरू झाल्यापासून चालू असतं. मोठ्या गर्दीत सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायलाच काही मिनिटं जातात. बिबवरची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदावरची चिप तुम्ही तिथली पट्टी ओलांडल्यापासून मोजते, ती तुमची खरी वेळ. त्या पोराच्या फोटोत घड्याळ ५:४७ दाखवतं. खाली ५:३८ वाचून गावातलं कोणी ना कोणी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार असू द्या.