तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीच्या धडधडीबद्दल

"तुमची ती रात्रीची धडधड कशी थांबली हो? परत झोप लागते कशी? आम्हालाही सांगा ना."

थांबलेली नाही. परवा मंगळवारीसुद्धा जाग आली होती. हे आधीच सांगते, कारण विचारणाऱ्या प्रत्येकीला एक काढा, एक मंत्र किंवा एक गोळी हवी असते, आणि माझं उत्तर ऐकून चेहरा पडतो. मी झोपायचा प्रयत्न करत नाही. अंथरुणातून उठते.

आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "एवढं टेन्शन कसलं आहे तुम्हाला?" याचा मला फार त्रास झालाय. पतसंस्थेत मार्चअखेर असतो, सासूबाईंचं पथ्यपाणी असतं, मुलाच्या नोकरीची काळजी असते. पण ती तर दिवसाही असतातच. मग धडधड रात्री दोनलाच का?

दोन वर्षांपूर्वीची मार्चमधली रात्र सांगते. अकराला झोपले होते. सव्वादोनच्या सुमारास कुणी हलवल्यासारखी जागी झाले. स्वप्न नव्हतं, काही पडल्याचा आवाज नव्हता. छातीत घण बसत होते, तळहात ओले. मनगट धरून मोजलं तर मिनिटाला ११८. मग विचार सुटले: खतावणीतला न जुळलेला आकडा, मुलाचा न आलेला फोन, आणि बाबा गेले तेही रात्रीच. "दीर्घ श्वास घे," हे म्हणाले. मी तोंड उघडून मोठमोठे श्वास घेऊ लागले, तशा बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. मला वाटलं, संपलं.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात छातीला गार चिकट्या लावून ईसीजी काढला. तरुण डॉक्टर होते. म्हणाले, "काकू, पट्टी नॉर्मल आहे, पण रक्त दोनदा तपासायचंय, तीन तासांच्या अंतराने." आम्ही बाकावर बसून राहिलो. माझं लक्ष यांच्या पायांकडे गेलं. एका पायात यांची चप्पल, दुसऱ्यात मुलाची. हे काही बोलले नाहीत, नुसता माझा हात धरून होते. तिथे मला रडू फुटलं. सकाळी दोन्ही रिपोर्ट चांगले आले. घरी पाठवताना कुणीतरी म्हणालं, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." मला काही झालेलं नाही, हे मला आजही मान्य नाही.

खरा बिघाड त्यानंतरच्या चार महिन्यांत झाला, आणि तो मी स्वतः केला. रात्रीची भीती बसली. भरपूर झोप हवी म्हणून साडेनऊलाच आडवी होऊ लागले. जाग आली की डोळे मिटून पडून राहायचं, "आपोआप लागेल झोप" म्हणून. दर दहा मिनिटांनी मोबाईलवर वेळ बघायची आणि हिशेब करायचा: आता लागली तर साडेतीन तास मिळतील, आता लागली तर तीन. दुपारी ऑफिसच्या मागच्या खोलीत डुलकी. झोपेची गोळीही घेतली, हो. दहा दिवसांसाठी दिलेली मी दोन महिने ओढली, आणि एकदम बंद केली तेव्हा चार रात्री डोळ्याला डोळा नाही. ती हळूहळू, डॉक्टरांना विचारून उतरवायची असते, हे मला नंतर कळलं.

शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं, पाळी कशी आहे विचारलं, घोरते का ते यांना विचारलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं. रक्त कमी असेल तर हृदय धावतं, थायरॉइड जास्त काम करत असेल तरी धावतं, आणि पाळी जायच्या वयात अंगातून वाफा येऊनही अशी जाग येते. दीड वर्ष मी दमते म्हणत होते, आणि कुणी साधं रक्त तपासा म्हटलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझा तो टेन्शनचा प्रश्न सुटला. असा घबराटीचा झटका बहुधा रात्रीच्या पहिल्या काही तासांत, झोप गाढ होत जाताना येतो, स्वप्नातून नाही. आधी शरीर दचकतं, हृदय धावतं. जागं झालेलं मन मग धडधडीचं कारण शोधतं, आणि अंधारात हाताशी असेल ती काळजी उचलतं. खतावणीतल्या आकड्याने मला उठवलं नव्हतं. उठल्यावर मी तो शोधला होता.

आता करते काय. जाग आली की घड्याळ बघत नाही; मोबाईल बाहेरच्या खोलीत असतो. नाकाने हळू श्वास घेते, मनात चार मोजत, आणि सहा मोजत सोडते. मोठा श्वास घ्यायचा नाही, सोडणं लांबवायचं. त्या रात्री मी भराभर मोठे श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड घालवत होते, मुंग्या त्याच्याच होत्या. पाचेक मिनिटांत हृदय खाली येऊ लागतं. नाहीच आलं तरी हरकत नाही असं धरून चालायचं, आणि हे सगळ्यात अवघड आहे.

अंदाजे पंधरा-वीस मिनिटं गेली असं वाटलं आणि झोपेचा पत्ता नसेल तर उठते. स्वयंपाकघरात झिरोचा दिवा लावून ताटात तांदूळ घेते आणि निवडत बसते. खडा, तूस, काळा दाणा. हात चालतात, डोक्याला काम लागत नाही. पापण्या जड झाल्या की मगच आत जाते. परत डोळे टक्क, तर परत बाहेर. अंथरूण म्हणजे तळमळायची जागा अशी शरीराला सवय लागली होती, ती मोडायची हाच उद्देश. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचं, दुपारी डुलकी नाही, रात्री अकराच्या आत आडवं व्हायचं नाही. पहिले दोन आठवडे वाईट गेले, ऑफिसात डोळे मिटत होते, स्कूटर घरीच ठेवली. साधारण पाचव्या आठवड्यात फरक जाणवला.

तो फरक लोहाच्या गोळ्यांचा की तांदळाचा, हे मला सांगता येत नाही. बाई म्हणतात दोन्हीचा. माझी पूर्वीची मी मात्र अजून वाद घालते: "पडून राहिलीस तर निदान अंगाला आराम मिळेल." थंडीच्या रात्री मी तिचं ऐकते, आणि बहुतेक वेळा पस्तावते.

हे म्हणतात, तेव्हा दवाखान्यात जायची गरज नव्हती. मला हे पटत नाही. छातीवर दाब असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, चक्कर येत असेल, किंवा ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर श्वास मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. त्या रात्री मला फरक कळत नव्हता. पुन्हा कळला नाही तर मी पुन्हा जाईन.

मंगळवारी हे झोपेतच म्हणाले, "येऊ का गं?" मी नको म्हटलं. ताटातला एक ढीग दुसरीकडे गेला, पायाला फरशी गार लागायला लागली, आणि मी आत गेले. तेव्हा किती वाजले होते ते बघितलं नाही.