कपातीचं पत्र साध्या शब्दांत

"कपात करायचीच आहे, तर तिला राइटसायझिंग म्हणा नाहीतर सरळ नोकरी गेली म्हणा. ज्याची जाते त्याची जातेच. मग शब्दांवर एवढा वेळ कशाला घालवायचा?"

माझं काम कंपन्यांसाठी कर्मचाऱ्यांना जाणारी पत्रं लिहिण्याचं, त्यामुळे मालकांपासून एचआरपर्यंत सगळे मला हे कधी ना कधी ऐकवतात. माझं उत्तर असं की गुळगुळीत शब्द आला की त्याच्यामागे बहुतेक वेळा एखादा न घेतलेला निर्णय लपलेला असतो. लोकांना तो बरोबर वास येतो.

जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेली मेल या धंद्यात अजून दाखवली जाते. नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने नुकताच घेतला होता. मेलची सुरुवात 'हॅलो देअर' अशी. पुढे परिच्छेदामागून परिच्छेद, कुठले फोन कुठल्या गिऱ्हाइकासाठी, कुठलं इंजिनिअरिंग कुठल्या शहरात. साडेबारा हजार नोकऱ्या जाणार हे वाक्य त्या सगळ्याच्या खाली, आणि तेही 'अंदाजे घट' म्हणून. ज्याच्या घराचा हप्ता थकणार आहे त्याने आधी फोनचं धोरण वाचायचं!

आपल्याकडचे मसुदे याच वळणाचे असतात. नमुन्यादाखल हे घ्या: "बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर संस्थेचं राइटसायझिंग करण्याचा निर्णय घेण्यात आला असून त्याचा काही सहकाऱ्यांवर परिणाम होण्याची शक्यता आहे." राइटसायझिंग काढून तिथे 'नोकरकपात' घातलं तरी हे वाक्य सुधारत नाही. निर्णय 'घेण्यात आला', म्हणजे कोणी घेतला? काही म्हणजे किती? शक्यता कसली, यादी तर एचआरच्या लॅपटॉपवर तयार आहे. म्हणून मी लिहायला बसण्याआधी विचारते: किती माणसं, कोणत्या विभागातली, कोणत्या तारखेला, कोणी ठरवलं, का ठरवलं. उत्तरं मिळाली की वाक्य आपोआप सरळ होतं:

"आम्ही २४० पैकी ३२ जणांच्या नोकऱ्या संपवत आहोत. यातल्या २१ जागा सपोर्टमधल्या आणि ११ टेस्टिंगमधल्या आहेत. आमचा सर्वांत मोठा ग्राहक जूनमध्ये गेला आणि त्याच्या जागी दुसरा मिळाला नाही. हा निर्णय मी आणि संचालक मंडळाने घेतला आहे. ज्यांची नोकरी जात आहे त्यांच्याशी त्यांचे मॅनेजर आज दुपारी दोनपर्यंत समोरासमोर बोलतील. दोननंतर कोणाचंही नाव यादीत वाढणार नाही."

शेवटचं वाक्य लिहून घेताना सर्वांत जास्त ओढाताण होते. ते लिहायचं तर यादी खरोखर पक्की करावी लागते, आणि अनेकदा ती झालेली नसते. "काही सहकारी" हा शब्दप्रयोग तेव्हा सोयीचा पडतो. अशा वेळी मी मसुदा परत पाठवते. पत्र दोन दिवस उशिरा गेलेलं चालतं, पण तोवर बातमी बाहेर फुटता कामा नये.

याच्या उलट बाजूला एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्की यांचं ५ मे २०२० चं पत्र आहे. साडेसात हजारांपैकी सुमारे एकोणीसशे जण जाणार, म्हणजे कंपनीचा जवळपास चौथा हिस्सा. त्या वर्षीचं उत्पन्न २०१९ च्या निम्म्याहूनही कमी राहील असा अंदाज त्यांनी आकड्यासकट दिला. अमेरिकेतल्या लोकांना किमान १४ आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवडा जास्त, हेही त्याच पत्रात होतं. माझी एक तक्रार आहे. त्यातही माणसांना 'जावं लागेल' असंच म्हटलंय, जणू बस सुटतेय. पण आकडे आणि कारण समोर ठेवल्यावर एवढं खपून जातं.

आता पैशांकडे येते, कारण पत्र लोक तिथूनच वाचायला लागतात. 'आकर्षक पॅकेज' हे राइटसायझिंगचंच भावंड. सात वर्षं पूर्ण झालेल्या एका टीम लीडचा हिशोब करून पाहू. महिन्याचा पगार ५२ हजार, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार. कंपनी म्हणते, तुम्हाला २ लाख २९ हजारांचं पॅकेज देतो. ऐकायला बरं वाटतं. फोडून बघा: करारातल्या एका महिन्याच्या नोटिशीऐवजी ५२ हजार. उरलेल्या २० रजांचे २० हजार. ग्रॅच्युइटी, म्हणजे २६ हजारांना २६ ने भागून १५ दिवसांनी आणि ७ वर्षांनी गुणायचं, १ लाख ५ हजार. हे सगळं मिळून १ लाख ७७ हजार होतात आणि ते त्याचे हक्काचेच आहेत. कंपनी स्वतःहून देतेय ते फक्त उरलेले ५२ हजार.

टीम लीडला हा हिशोब संध्याकाळपर्यंत कळतोच. ऑफिसात कोणाचा तरी मेहुणा सीए असतो. मग पत्रातलं बाकीचं खरं असलं तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी दोन रकाने करते, 'तुमच्या हक्काचं' आणि 'आम्ही वर देत आहोत ते'. दुसऱ्या रकान्यात शून्य असेल तर शून्य लिहायचं. (तो शून्य डोळ्यांसमोर आला की काही मालक एक पगार वाढवतात. तो माझ्या कामाचा भाग नाही, पण होतं खरं.) जे लोक कायद्याच्या व्याख्येत कामगार बसतात त्यांना वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराची कपात-भरपाईही द्यावी लागते. तीही पहिल्याच रकान्यात जाते, उपकाराच्या रकान्यात नाही.

एका ठिकाणी मात्र शब्द बदलला की नुसता विश्वास जात नाही, हक्क जातो. "तुम्ही राजीनामा मेल करा, रेलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल." आयटीत हे सर्रास चालतं. काढलेला माणूस कागदावर स्वतःहून गेलेला होतो. मग कपातीची भरपाई मागायला गेला की तोच मेल त्याच्यासमोर ठेवतात. माझ्या मसुद्यात म्हणून "ही नोकरी कंपनी संपवत आहे, तुमच्याकडून राजीनामा मागितलेला नाही" हे वाक्य असतं. ते काढायला सांगितलं तर मी कारण लेखी मागते.

वकील इथे एक हरकत घेतात आणि ती रास्त आहे: जास्त लिहाल तितकं कोर्टात अंगाशी येईल. त्यांचं मी एक नक्की ऐकते. कारण पैशांचं असेल तर कामगिरीचा उल्लेखही करायचा नाही. "कामगिरी आणि व्यवसायाची गरज लक्षात घेऊन" असं लिहिलं की गेलेल्याला पुढच्या मुलाखतीत डाग लागतो आणि कंपनीला प्रत्येकाची कामगिरी सिद्ध करत बसावं लागतं. नावंही सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये नसतात. सरळ लिहायचं म्हणजे सगळं सगळ्यांना सांगायचं, असं नाही.

आणि जे राहतात त्यांचं काय? त्यांचा एकच प्रश्न असतो, पुढचा नंबर माझा का? मालकांना "आता यापुढे कपात नाही" असं लिहायचा मोह होतो. सहा महिन्यांनी दुसरी फेरी निघाली तर मग कोणतंच पत्र कोणी मनावर घेत नाही. त्याऐवजी मी लिहिते: "दुसरी कपात आज ठरलेली नाही. ३१ मार्चपर्यंत नवं काम आलं नाही तर पुन्हा विचार करावा लागेल, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काय ठरलं ते मी स्वतः सांगेन." मग त्या आठवड्याची तारीख मालकांच्या कॅलेंडरवर टाकायला लावते.