अपडेट : पान सरळच होतं, वाकडं मी केलं (१९५८चा बांधीव खंड)

मंडळी, जुन्या मासिकाच्या पानांच्या फोटोंतून मजकूर काढायच्या खटाटोपात मागच्या वेळी minAreaRectचं, म्हणजे OpenCVच्या ज्या फंक्शनने मी पानाचा तिरकेपणा मोजत होते त्याचं, रडगाणं गायलं होतं, ते आता विसरा. तो प्रकार कायमचा बंद केलाय, कोन काढायला फक्त शिरोरेखा आणि आडवी बेरीज, बास. पण त्यानंतरचे दोन वीकेंड ज्याच्या मागे गेले ते त्याहून भारी आहे आणि आज दुपारी सुटलंय, म्हणून गरमागरम लिहितेय.

नवीन कोणी असेल तर, मामाच्या माळ्यावर एका मासिकाचा १९५८चा पुठ्ठ्यात बांधलेला खंड सापडला, मी मोबाइलने २१२ पानांचे फोटो काढले आणि खंड मामाकडे साताऱ्याला परत गेला. हे परत गेलेलं प्रकरण महत्त्वाचं आहे, पुढे कळेल. पद्धत नेहमीचीच: कडा शोधायच्या, सगळ्यात मोठा चौकोन पकडायचा, चार कोपरे घेऊन पान सपाट करायचं, उरलेला तिरकेपणा मोजून फिरवायचं आणि मग टेसरॅक्टला, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, mar आणि --psm 6 लावून सोडून द्यायचं.

सपाट केल्यावर पान दिसायला झकास. कोन मोजला की ०.०, फार तर ०.१. आणि तरी टेक्स्ट येतंय ते असं की मधल्या ओळी एकदम स्वच्छ आणि वरच्या-खालच्या ओळींचा पार चिवडा. ४० ओळींच्या पानात वरच्या नऊ आणि खालच्या आठ गाळात. पहिला संशय आला जुन्या लेखनावर. १९६२च्या नियमांच्या आधीचा छापा असल्यामुळे प्रत्येक ओळीत «त्यानें», «तेथें», «घरें» असे अनुस्वार आहेत आणि तेच टिंब सगळ्यात आधी गायब होत होतं. मी म्हटलं मॉडेल आजच्या मराठीवर शिकलेलं, त्याला ते टिंब म्हणजे शाईचा डाग वाटत असणार. यावर एक अख्खा शनिवार घालवला, ब्लर कमी कर, डाग काढायची पायरीच उडव, इमेज दीडपट कर, काही उपयोग नाही.

मग पान ८७वर एक गोष्ट दिसली. «त्यानें» हा शब्द तिथे तीनदा येतो. मधे एकदा आलाय तिथे अनुस्वारासकट बरोबर वाचला, तिसऱ्या ओळीतल्याचा «त्याने» झाला, आणि तळाजवळच्या ओळीतल्याचा «त्यान». शब्द तोच, खिळे तेच, शाई तीच. म्हणजे मॉडेलला टिंब कळतंय, फक्त वर आणि खाली कळत नाहीये. डोक्यात ट्यूब तिथे पेटली की अडचण भाषेची नाही, जागेची आहे.

म्हणून पान आडव्या सहा पट्ट्यांत कापलं आणि प्रत्येक पट्टीचा कोन वेगळा मोजला. मोजायचं फंक्शन हे, बऱ्याच जणांनी मागितलं होतं (bw मधे शाई पांढरी, कागद काळा):

```python
def kon(bw):
    h, w = bw.shape
    best = (0, 0)
    for a in np.arange(-3, 3.05, 0.1):
        M = cv2.getRotationMatrix2D((w/2, h/2), a, 1)
        s = cv2.warpAffine(bw, M, (w, h)).sum(axis=1, dtype=float)
        best = max(best, (((s[1:] - s[:-1])**2).sum(), a))
    return best[1]
```

ओळी आडव्या झाल्या की शिरोरेखांच्या रांगेत शाईची बेरीज एकदम उंच जाते आणि लगेच खाली पडते, म्हणून शेजारच्या दोन रांगांतल्या फरकाचे वर्ग जिथे सगळ्यात जास्त तो आपला कोन. लेप्टोनिका नावाच्या इमेज लायब्ररीचं तिरकेपणा शोधणंही याच कल्पनेवर चालतं. आणि इथे आपल्या लिपीची खरी मजा आहे, रोमन अक्षरांना अशी छतासारखी रेघ कुठे असते! मोजायच्या आधी ४० बाय १च्या आडव्या कर्नेलने ओपनिंग केलं तर दंड, काने, उकार गळून फक्त शिरोरेखांचे तुकडे उरतात आणि शिखर अजून टोकदार होतं. माझ्या फोटोत रेघ पाचेक पिक्सेल जाड आहे, त्यामुळे रेघ पाच-सहा अंशांनी तिरकी असली तरी ४० पिक्सेलचा तुकडा तिच्यात मावतो. त्याहून तिरकी असेल तर कर्नेल छोटा करा नाहीतर रेघच खाऊन टाकेल.

तर पान ८७चे सहा कोन, वरून खाली: ०.९, ०.५, ०.२, −०.२, −०.५, −०.९.

मी बघतच बसले. सरासरी शून्य! पूर्ण पानाचा कोन ०.० येत होता तो पान सरळ होतं म्हणून नाही, वरच्या ओळी उजवीकडे उतरत होत्या आणि खालच्या तेवढ्याच चढत होत्या म्हणून. टेसरॅक्टही ओळी शोधताना सगळ्या पानासाठी एकच उतार धरून चालतं, मग मधे जमतं आणि टोकांना फसतं. ०.९ अंश ऐकायला काहीच नाही वाटत पण माझी ओळ १८०० पिक्सेल लांब, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत २८ पिक्सेलचा फरक, आणि दोन ओळींमधलं अंतरच ६५. जवळजवळ अर्धी ओळ. मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-अनुस्वारांत जाऊन बसतात आणि टिंबांचा पहिला बळी जातो.

हे लक्षात ठेवा, कोन पट्टीगणिक असा सरळ चढत किंवा उतरत गेला की तो फिरवून जाणारा तिरकेपणा नाही, एक बाजू लहान-मोठी झालीय. कितीही फिरवा, एक टोक सुधारेल आणि दुसरं बिघडेल.

पण मग प्रश्न असा की चार कोपरे घेऊन हीच गोष्ट काढून टाकायची पायरी आधीच केली होती ना? मग आली कुठून? हिशेब केला. एवढा उतार पूर्ण पानावर नेला तर उजवी बाजू डावीपेक्षा ८३ पिक्सेलने आखूड झालीय. पान २४ सेंमी उंच, इमेजमधे २८५० पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण १२. ८३ भागिले १२, सात मिमी. सात मिमी कशाचे? मूळ फोटो मोठा करून पाहिला तर उजवीकडे पानाच्या मागून बांधणीचा पुठ्ठा डोकावतोय, उन्हापाण्याने फिका पडून कागदाच्याच रंगाचा झालेला. मामाला फोन लावला, म्हटलं फूटपट्टी घे आणि पुठ्ठा पानाच्या वर-खाली किती बाहेर येतो मोज. मामा म्हणाला, «अगं वर साडेतीन, खाली साडेतीनच धर. का गं?»

साडेतीन अधिक साडेतीन! मी एवढ्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

झालं होतं असं की कण्याकडे पान फुगून वर येतं आणि पुठ्ठा झाकतं, त्यामुळे डावीकडचे दोन कोपरे पानाचे धरले गेले. उजवीकडे मात्र कंटूरने पुठ्ठ्याचे कोपरे पकडले. अर्धं पान, अर्धा पुठ्ठा असा चौकोन मी आयतात ताणून बसवला, त्यात बिचाऱ्या सरळ पानाची उजवी बाजू दाबली गेली. म्हणजे क्रॉप करताना वाकडेपणा मीच घातला.

यावर खरा उपाय दहा मिनिटांचा आहे, आणि तो आधी न सुचल्याबद्दल मला खुशाल हसा. फोटो काढायच्या पानाखाली काळा कार्डपेपर सरकवायचा. पुठ्ठा झाकला जातो, कागदाची कड काळ्यावर खणखणीत उठते, आणि पातळ कागदातून मागची छपाई दिसते तीही कमी होते. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडचा मॅटवाला घ्या, चकचकीत नको, त्यात ट्यूबलाइट दिसते. त्या स्कॅनिंग ॲप्सच्या नादी मात्र लागू नका, त्यांचा तो «जादूई» फिल्टर कड शोधतो झकास पण अनुस्वार धुऊन टाकतो.

पण खंड साताऱ्यात आणि २१२ फोटो माझ्याकडे, कार्डपेपर आता काय कामाचा. म्हणून ठरवलं की कागदाच्या कडांवर विश्वासच ठेवायचा नाही, शिरोरेखाच फूटपट्टी म्हणून वापरायच्या. सहा पट्ट्यांच्या कोनांतून एक सरळ रेषा बसवायची, तिच्यावरून मजकुराच्या अगदी वरचा आणि अगदी खालचा उतार काढायचा (m0, m1 म्हणजे त्या कोनांचे tan), आणि तो चौकोन आडवा करायचा:

```python
d0, d1 = m0*w/2, m1*w/2
src = np.float32([[0,y0-d0],[w,y0+d0],[w,y1+d1],[0,y1-d1]])
dst = np.float32([[0,y0],[w,y0],[w,y1],[0,y1]])
R = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
out = cv2.warpPerspective(foto, R @ H, (w, h), flags=cv2.INTER_CUBIC)
```

शेवटच्या ओळीतलं `R @ H` बघा. H म्हणजे आधीचा, चुकलेल्या कोपऱ्यांचा मॅट्रिक्स. सपाट केलेली इमेज पुन्हा ताणायची नाही, दोन्ही मॅट्रिक्स गुणून मूळ फोटोवर एकदाच लावायचे, नाहीतर दोनदा पिक्सेल मिसळून बारीक टिंबं पुसट होतात. आणि काळं-पांढरं करणं त्याच्या नंतर. मी आधी उलटं करत होते, त्यात शिरोरेखेला जिन्यासारख्या पायऱ्या पडायच्या. जिथे मथळा, चित्र किंवा कविता आहे ती पट्टी भलताच कोन देते, म्हणून ज्या पट्टीत निदान तीन भरलेल्या ओळी नाहीत ती हिशेबातून वगळतेय.

पान ८७ परत चालवलं, सहाही कोन ०.१च्या आत आणि तीनही «त्यानें» टिंबासकट. तळाच्या त्या «त्यान»चा झालेला «त्यानें» मी तासभर जिथे तिथे दाखवत फिरत होते.

यापुढे सगळी २१२ पानं रात्रभर लावून द्यायचा बेत होता, पण हे लिहितानाच सुचलं की पट्ट्या आडव्या कापल्या तशा उभ्याही का नको? सहा बाय तीन कप्पे. वरून खाली कोन बदलला तर चौकोनाची चूक, आणि एकाच पट्टीत डावीकडून उजवीकडे बदलला तर कागदच वळलेला. मधेच उठून चालवून आले. वरच्या पट्टीत कण्याकडचा कप्पा −१.४, मधला ०.१, बाहेरचा ०. तळाच्या पट्टीत कण्याकडे १.३. म्हणजे कण्याच्या खोबणीत पान खाली जातं तिथे ओळी अजून वाकलेल्याच आहेत, मी फक्त पानभर सरासरी काढत होते म्हणून दिसत नव्हत्या. हे कुठल्याही चार कोपऱ्यांनी जाणार नाही, चौकोन सपाटच असतो.

त्यामुळे रात्रीचं रन रद्द. मॅट झकरचं २०१६चं page_dewarp वळलेल्या पानासाठीच आहे, ते उद्या एका पानावर लावून बघते. मामाला मेसेज टाकलाय की खंड रद्दीत नको देऊस, आणि काळा कार्डपेपर दोन आणून ठेव.