तीच चूक दोघांच्या कोडमध्ये

एम.टेक.च्या पहिल्या सत्रात आम्हाला सी भाषेत हॅश टेबल लिहायचे होते. काम जमा केल्यावर आठवडाभराने टीए सरांचा ईमेल आला. मॉस या साम्य शोधणाऱ्या प्रणालीने माझा आणि एका वर्गमित्राचा कोड जोडीने दाखवला होता आणि टेबलात नोंद टाकणारे `ht_put` हे फंक्शन मी कसे लिहिले, ते मला लेखी कळवायचे होते.

व्हेरिएबलची नावे बदलून मॉसला चकवता येत नाही, कारण ती नावे बाजूला ठेवून कोडच्या लहान लहान तुकड्यांचे ठसे जुळवते; मात्र साम्य कशामुळे आले, हे तिला ठरवता येत नाही, ते माणसालाच विचारावे लागते. उत्तराच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले की, आम्ही दोघांनीही एफएनव्ही-१ए हे प्रसिद्ध हॅश फंक्शन वापरल्यामुळे त्यातील 16777619 हा आकडा दोन्हीकडे असणारच. हे खरे होते, पण सरांनी ते विचारलेच नव्हते. `ht_put` पुन्हा उघडले, तेव्हा या ओळी दिसल्या:

```c
if (t[i].state == DELETED) {
    t[i] = entry;
    return;
}
```

ही चूक आहे. पुसलेली जागा दिसताच नोंद तिथे लिहिली, तर त्याच कीची जुनी नोंद पुढे शिल्लक राहू शकते आणि नवी नोंद पुसल्यावर जुनी किंमत पुन्हा वर येते. ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. माझ्याकडे मात्र ती मित्राच्या लॅपटॉपवरून आली होती.

मित्राला आधी कल्पना देऊन मी नवे उत्तर लिहिले: "सर, `ht_get`, `ht_delete` आणि आकार वाढवण्याचा भाग मी स्वतः लिहिला आहे. `ht_put` मात्र काम जमा करण्याच्या आदल्या रात्री मित्राच्या स्क्रीनवर पाहून टाइप केले, नावे बदलली आणि त्याचा उल्लेख केला नाही. मूळ कोड त्याचा आहे. `git log` सोबत जोडला आहे. इतर फंक्शन्स चार दिवसांत टप्प्याटप्प्याने बदलत गेलेली दिसतील, `ht_put` एकाच कमिटमध्ये पूर्ण आले आहे. कमिटच्या तारखा बदलता येतात याची मला जाणीव आहे, म्हणून आपण म्हणाल तेव्हा समोर बसून कोड समजावून सांगण्याची माझी तयारी आहे."

"चर्चा केली होती" हा सोयीचा शब्दप्रयोग मी दोनदा लिहून दोनदा खोडला.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावले. त्या फंक्शनचे गुण गेले आणि प्रकरण नियमानुसार प्राध्यापकांकडेही गेले. नंतर सरांनी खडू हातात देऊन `ht_put` फळ्यावर लिहायला सांगितले. या वेळी मी पहिली पुसलेली जागा केवळ लक्षात ठेवली, रिकामी जागा येईपर्यंत तीच की शोधत गेलो आणि की न सापडल्यावरच मागे येऊन नोंद लिहिली.