तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सारांश, मग पहिलं प्रकरण

"कादंबरी लिहून झाली. आता प्रकाशकाकडे पाठवायची तर सुरुवात कशापासून करू?"

सारांशापासून. बहुतेक जण तो शेवटी, पाठवायच्या आदल्या रात्री लिहितात, कारण ते एक कटकटीचं काम वाटतं. पण मला माझ्या कादंबरीतल्या दोन मोठ्या चुका सारांश लिहिताना सापडल्या. आठ महिने मजकूर पुन्हा पुन्हा वाचूनही त्या दिसल्या नव्हत्या.

सारांश म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर नव्हे. तिथे वाचकाची उत्सुकता चाळवायची असते, इथे संपादकाला गोष्ट पूर्ण सांगायची असते, शेवटासकट. 'नंदाला सत्य कळेल का?' असं वाक्य सारांशात आलं, की संपादकाला शंका येते की शेवट लेखकालाच नीट ठाऊक नसावा. प्रकाशकाने शब्दमर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. दिली नसेल तर पाचशे ते आठशे शब्द पुरतात. वर्तमानकाळ, तृतीयपुरुष (कादंबरी प्रथमपुरुषी असली तरी), आणि नावं फार तर चार-पाच. बाकीच्यांना 'शेजारीण', 'वकील' एवढीच ओळख बास.

आता माझ्या कादंबरीचं सांगते. नंदा ही परिचारिका. एकोणीस वर्षं तिचं भावाशी बोलणं नाही. एक दिवस त्याचं पत्र येतं: वडिलांचं घर विकायचंय, सहीसाठी ये. ती जाते. जुन्या कागदांत तिला कळतं, की ज्या कर्जाने घरात फूट पडली ते भावाने काढलेलं नव्हतं, वडिलांनी त्याच्या नावावर काढलं होतं.

मी सारांश लिहायला बसले आणि पहिलं वाक्य आपसूक उतरलं: 'एकोणीस वर्षांनी नंदाला भावाचं पत्र येतं.' लिहून झाल्यावर हस्तलिखित उघडलं. पत्र पंधराव्या पानावर होतं. आधीच्या चौदा पानांत पहाट होती, नंदाचं बालपण होतं, रुग्णालयाचा जिना होता. त्यातली एकही ओळ सारांशात गेली नव्हती, आणि गेली नाही म्हणून काही अडलंही नव्हतं. सारांशाचं पहिलं वाक्य हस्तलिखितात कुठल्या पानावर घडतं ते बघा. ते पान फार आत असेल, तर पहिलं प्रकरण उशिरा सुरू होतंय.

दुसरी चूक जास्त खोल होती. सारांशाच्या प्रत्येक दोन वाक्यांमध्ये मी पेन्सिलीने एक जोडशब्द लिहिला: 'म्हणून', 'पण', किंवा 'आणि मग'. पत्र येतं, म्हणून ती जाते. कागद शोधायला गेली नव्हती, पण ते हाती लागतात. आणि मग ती तीन प्रकरणं गप्प राहते. इथे मी अडकले. का गप्प राहते? खरं उत्तर असं होतं, की ती बोलली असती तर कादंबरी तिथेच संपली असती. ती माझी गरज होती, नंदाची नव्हती. एखाद-दुसरा 'आणि मग' चालतो, पण कथेच्या वळणावर तो आला की तिथे कारण गहाळ आहे असं समजावं.

कारण शोधायला मला दोन आठवडे लागले. शेवटी ठरलं, की त्या कर्जाच्या कागदावर साक्षीदार म्हणून नंदाचीच सही आहे, विशीत, न वाचता केलेली. आता तिच्या गप्प राहण्यामागे तिचा स्वतःचा दोष उभा राहिला, आणि 'आणि मग'च्या जागी 'म्हणून' बसला.

पहिलं प्रकरण मी यानंतरच पुन्हा लिहिलं. ते पत्रापासून सुरू झालं. चौदा पानांतून दोन गोष्टी उचलल्या: जिना, कारण पत्र ती तिथे उभी राहून वाचते, आणि तिची एक सवय, जी मला नव्याने घडवावी लागली. कुठलाही कागद ती आता दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही. पहिल्या पानावर ती औषधांच्या नोंदवहीवर अशीच सही करते. वाचणाऱ्याला ते तिच्या कामाचा भाग वाटतं आणि दीडशे पानांनी त्याचा अर्थ लागतो. बालपण पूर्ण गेलं. बरेच प्रकाशक आधी पहिली तीन प्रकरणं किंवा पहिली पन्नासेक पानं मागतात. त्यातली चौदा तयारीत घालवणं परवडत नाही.

मग भाषेची सफाई. मराठीत संपादकाला सगळ्यात आधी खटकते ती निवेदनातली सरमिसळ. एका परिच्छेदात 'दार उघडलं', पुढच्यात 'दार उघडले'. दोन्ही चालतात, पण निवेदनाने एक निवडावं. संवाद पात्राच्या तोंडी शोभेल तसा असू दे. माझ्याकडे दोन्ही रूपं होती, कारण निम्मी कादंबरी दोन वर्षं आधी लिहिलेली होती. पहिलं प्रकरण मोठ्याने वाचलं तेव्हा ती कानाला लागली. डोळ्यांना नव्हती दिसली.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर आणखी जपून. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर आणि पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये क्रम उलट असतो. रूपांतरात हा क्रम चुकला की 'वर्ष'चं 'वषर्' होतं आणि 'स्थिती'चं 'िस्थती'. शोधायची सोपी युक्ती: `Ctrl+F` दाबून `र्` आणि पुढे एक मोकळी जागा असं टाकायचं. मराठी शब्द सहसा पाय मोडलेल्या र वर संपत नाही, त्यामुळे जे सापडेल ते बहुधा चुकलेलंच असतं. वेलांट्या आणि शब्दाच्या मध्ये चुकलेले रफार मात्र डोळ्यांनीच तपासावे लागतात.

मांडणीचं काम एका दुपारचं आहे. ए-फोर पान, चारही बाजूंना एक इंच समास, साधा युनिकोड फॉन्ट बारा पॉइंटचा, ओळींमध्ये दुप्पट अंतर. हे अंतर संपादकाला खुणा करायला लागतं, आणि आपल्या मात्रा-उकारांनाही. परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत, दोन परिच्छेदांमध्ये जास्तीची मोकळी ओळ नको. प्रत्येक पानावर आडनाव, कादंबरीचं नाव आणि पान क्रमांक, कारण छापलेली पानं विस्कटतात. नवं प्रकरण `Ctrl+Enter` देऊन नव्या पानावर न्यायचं. एंटर दाबत दाबत खाली ढकललं, तर दुसऱ्याच्या संगणकावर ते भलतीकडेच सुरू होतं. प्रसंग बदलतो तिथे नुसती मोकळी ओळ सोडू नका. ती पानाच्या तळाशी आली तर कुणालाच दिसत नाही. मध्यभागी एक `#` पुरे. यातलं काही प्रकाशकाच्या सूचनेशी जुळत नसेल तर त्याची सूचना मोठी.

पाठवण्याआधी सारांश आणि पहिलं प्रकरण शेजारी ठेवून एकदा वाचा. माझ्या सारांशात सहीची गोष्ट नंतर घातली, पण वडिलांचं नाव जुनंच राहिलं होतं. प्रकरणात ते मी बदललं होतं.